शहाळ्याला मिठाची जोड

गणपतीत मुंबई-पुण्याहून एसटी भरभरून माणसं दिवेआगरात येतात आणि त्यांच्याबरोबर सर्दी-तापही येतो. फ्लूचा एक जोर आपल्याकडे थंडीत असतो आणि दुसरा पावसाच्या उत्तरार्धात. म्हणजे नेमका घरात माणसं दाटीवाटीनं झोपतात, आरतीला एकमेकांच्या खांद्याला खांदा लावून उभी राहतात, तेव्हा. या वर्षी आमच्याकडे तो मान धाकट्या दिरांना मिळाला. आल्या रात्रीच हुडहुडी भरून ताप चढला, अंग ठणकायला लागलं आणि सकाळी त्यांच्यासमोर ठेवलेल्या चहाकडे बघून त्यांनी तोंड फिरवलं.

घरात त्या दिवशी मोदकांची उकड चालली होती. नारळ-गुळाचं सारण, वेलची, वर तुपाची धार, शिवाय वाटाण्याच्या उसळीची फोडणी. एरवी या वासांनी माणूस स्वयंपाकघरात ओढला जातो, पण भाऊजी ओसरीवर जाऊन बसले. "वहिनी, वासच सहन होत नाहीये हो. पोटात नुसतं ढवळतंय." सासूबाईंचा जीव कासावीस. "अरे, दोन घास तरी खा. पोटात काही नाही म्हणूनच मळमळतंय." त्यांनी आग्रहानं एक मोदक खायला लावला. अर्ध्या तासात तो बाहेर आला.

फ्लूमध्ये अन्नावरची वासना जाते ती पोट बिघडल्यामुळे नाही. मोठ्या माणसांमध्ये हा विषाणू मुख्यतः नाक, घसा आणि छातीतच असतो. लहान मुलांना मात्र त्याने उलट्या-जुलाब होताना जास्त दिसतात. विषाणूशी झुंजताना शरीरातल्या पेशी रक्तात काही रसायनं सोडतात. ती मेंदूतल्या भुकेच्या केंद्रापर्यंत पोचली की भूक मंदावते, आणि जठरही आपलं काम सावकाश करू लागतं. एरवी दोन-तीन तासांत पुढे सरकणारं जेवण तिथेच रेंगाळतं आणि उमासे येतात. नाक चोंदल्यामुळे चव गेलेली असते ती वेगळीच. त्यामुळे ताप चढता असताना दोन-तीन दिवस पोटभर जेवण गेलं नाही, तर एरवी धडधाकट असलेल्या माणसाचं त्याने फारसं बिघडत नाही. बिघडतं ते पाणी आणि मीठ न गेल्यानं.

मळमळीला आणखी एक कारण असतं, ते औषधाच्या पाकिटात. फ्लूवर डॉक्टर कधी कधी ओसेल्टामिव्हिरच्या गोळ्या देतात. पुण्यात 2009 साली स्वाइन फ्लूची साथ आली, तेव्हा टॅमीफ्लू या नावानं ती घरोघरी माहीत झाली. या गोळीनं बऱ्याच जणांना मळमळतं आणि थोडं काही खाऊन घेतली तर त्रास कमी होतो. अंगदुखीसाठी परस्पर घेतलेल्या आयब्युप्रोफेनसारख्या गोळ्या रिकाम्या पोटाला आणखी झोंबतात. म्हणून मळमळ गोळीच्या आधीपासून होती की गोळीनंतर सुरू झाली, हे लक्षात ठेवून डॉक्टरांना सांगावं.

आमच्या गावात कुणी आजारी पडलं की शेजारीपाजारी रिकाम्या हातानं येत नाहीत. 3 जून 2020 च्या निसर्ग वादळात इथल्या नारळी-पोफळीच्या बागा आडव्या झाल्या, तेव्हा काही काळ शहाळं जपून काढावं लागे. आता पुन्हा माडावर घड दिसू लागले आहेत. भाऊजींना ताप आल्याचं कळताच या वाडीतून दोन, त्या वाडीतून तीन अशी शहाळी ओसरीवर येऊन पडली. जेवण नको, पाणीही कडू लागतं, पण शहाळं तेवढं घशाखाली उतरतं म्हणून ते दिवसभर तेच प्यायले. दुसऱ्या दिवशी मोरीकडे जायला उठले तर डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ते भिंतीला धरून खाली बसले.

बोर्लीच्या डॉक्टरांनी रक्तदाब पाहिला, जीभ पाहिली आणि पोटात काय गेलं ते विचारलं. शहाळ्यांची गणती ऐकून म्हणाले, "शहाळं चांगलंच आहे. पण घामातून आणि उलटीतून मीठ गेलं, ते परत कुठे दिलंत?"

शहाळ्याच्या पाण्यात पोटॅशियम भरपूर असतं, पेलाभर पाण्यात साधारण एका केळ्याइतकं. थोडी साखरही असते, त्यामुळे तरतरी वाटते. सोडियम, म्हणजे आपण मिठातून घेतो ते, मात्र त्या मानानं फारच कमी. आणि घामातून, उलटीतून जातं ते मुख्यतः सोडियमच. आतड्यात साखर आणि सोडियम एकाच दारातून जोडीनं आत शिरतात आणि त्यांच्यामागोमाग पाणी ओढलं जातं. जोडीतला एक कमी असला की पाणी शोषलं जाण्याचं काम ढिलं पडतं. मीठ-साखरेच्या पाण्याचं सगळं शास्त्र यावरच उभं आहे. 1971 साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगावच्या छावणीत पटकीची साथ पसरली आणि सलाइनच्या बाटल्या संपल्या, तेव्हा डॉ. दिलीप महालनबीस यांनी हेच पाणी पाजून असंख्य माणसं वाचवली.

गंमत म्हणजे आपली पेज या पाण्याच्या फार जवळची आहे. तांदळातल्या पिष्टाची आतड्यात हळूहळू साखर होते आणि मीठ आपण घालतोच. डॉक्टरांनी भाऊजींना शहाळं बंद करायला सांगितलं नाही, त्याला मिठाच्या पेजेची जोड द्यायला सांगितलं.

पेज करायला फार काही लागत नाही. पाव वाटी जुना तांदूळ धुऊन, हातानं थोडा चुरून, सहा-सात वाट्या पाण्यात मंद आचेवर ठेवायचा. दाणा फुटून पाणी दाटसर, दुधाळ झालं की उतरवायचं. मिठाचं माप मात्र नीट ठेवायचं: लिटरभर पेजेला छोट्या चमच्यानं सपाट अर्धा चमचा. खारट पेजेनं मळमळ वाढते आणि अंगातलं पाणी उलट आतड्यात ओढलं जातं. चाखून बघावी, डोळ्यांतल्या पाण्यापेक्षा खारट लागता कामा नये.

द्यायची कशी, हे काय द्यायचं याच्याइतकंच महत्त्वाचं. उलटी झाली की लगेच काही पाजायचं नाही. पंधरा-वीस मिनिटं पोटाला स्वस्थता द्यायची, मग दर पाच मिनिटांनी दोन छोटे चमचे. हिशोब केला तर तासाला शंभर मिलिलिटरच्या वर जातात आणि एकाही वेळी जठर ताणलं जात नाही. भांडंभर पेज एका दमात प्यायली तर तेच जठर ती परत फेकतं. पेज कोमटच द्यायची, कारण गरम पदार्थाचा वास जास्त सुटतो आणि वासानंच पहिला उमासा येतो. भाऊजींची खाट आम्ही स्वयंपाकघरापासून लांब, पडवीत हलवली. त्यांना औषधाइतकाच त्याचाही उपयोग झाला.

चमचे पोटात टिकू लागले की पुढची पायरी म्हणजे मुगाचं कढण किंवा आमसुलाचं सार. दोन्ही पातळ, दोन्हीत मीठ, आणि साराच्या आंबटपणानं कडवट तोंडाला जरा चव येते. मात्र साराला फोडणी नको आणि नारळाचं दूधही नको. मग मऊ खिचडी, आमच्याकडे म्हणतात ती आटवल: एक वाटी तांदूळ, अर्धी वाटी मुगाची डाळ, सहा वाट्या पाणी, हळद, चिमूटभर हिंग आणि मीठ. तूप मुद्दाम मागे ठेवायचं. स्निग्ध पदार्थ जठरातून पुढे सरकायला सर्वांत जास्त वेळ घेतात, आणि इथे जठर आधीच आळसावलेलं. सासूबाईंना तुपाशिवाय आटवल वाढणं म्हणजे पाहुण्याचा अपमान वाटत होता. भाऊजींनी अर्धी वाटी खाल्ली आणि ती पोटात राहिली, तेव्हा कुठे त्या गप्प बसल्या. दुसऱ्या दिवशी अर्धा चमचा तूप आणि मेतकूट मिळालं.

शहाळ्याचंही पथ्य आहे. ते फोडल्याबरोबर प्यावं, कारण उघडं राहिलेलं पाणी लवकर आंबतं. कोवळ्या मलईचं खोबरं ताप उतरेपर्यंत खाऊ नये. मूत्रपिंडाचा विकार असलेल्यांनी ते डॉक्टरांना विचारल्याशिवाय पिऊच नये, कारण साठलेलं पोटॅशियम बाहेर टाकणं त्यांच्या शरीराला जमत नाही आणि त्याचा परिणाम थेट हृदयाच्या ठोक्यांवर होतो. रक्तदाबाच्या काही गोळ्याही पोटॅशियम धरून ठेवतात, त्या घेणाऱ्यांनीही विचारून घ्यावं. मधुमेह्यांनी शहाळ्यातली साखर मोजणीत धरावी. शिवाय जेवण जात नसताना साखरेच्या नेहमीच्या गोळ्या किंवा इन्सुलिन तसंच चालू ठेवायचं का, हे त्याच दिवशी डॉक्टरांना विचारावं.

घरच्या उपायांची हद्द कुठे संपते? चमच्यानं दिलेलंही टिकत नसेल, सहा-आठ तासांत लघवी झाली नसेल, उभं राहिल्यावर गरगरत असेल, धाप लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा माणूस गुंगीत बडबडत असेल, तर पेजेचं पातेलं बाजूला ठेवून दवाखाना गाठावा. उतरलेला ताप पुन्हा चढला आणि खोकला वाढला तरीही. म्हाताऱ्यांच्या बाबतीत जास्त सावध राहावं, कारण त्यांना अंगातलं पाणी कमी झालं तरी तहान फारशी लागत नाही.

भाऊजी गौरी-विसर्जनाला पडवीतूनच हात जोडून बसले, पण बसले. तोवर भेटायला येणाऱ्यांचा प्रश्न एकच होता, "काय खाल्लंस?" आजाऱ्याला या प्रश्नाचा सर्वांत जास्त त्रास होतो, कारण उत्तर त्याच्या हातात नसतं. त्यापेक्षा "लघवीला कधी जाऊन आलास, आणि रंग कसा होता?" असं विचारावं. थोडं आडवळणाचं वाटेल, पण फिकट पिवळा असेल तर जेवणाची काळजी उद्यावर टाकता येते, आणि गडद असेल तर शहाळं फोडायच्या आधी पेज चुलीवर चढवावी.