नवा कॉम्प्युटर घेण्याआधी एक क्लिप चालवून बघा

अ‍ॅनिमेशनचं एडिटिंग अडखळतंय म्हणून नवा कॉम्प्युटर घ्यायला निघाला असाल, तर पाच मिनिटं थांबा आणि मशीन नेमकं कुठे अडतंय ते आधी बघा. इथे मी केडेनलाइव्ह हे मोफत सॉफ्टवेअर धरून सांगतो.

समजा, ८ जीबी रॅमचा जुना लॅपटॉप आहे आणि ३८४० × २१६० पिक्सेलच्या क्लिप जोडून तीन मिनिटांची फिल्म करायची आहे. त्यातली एक क्लिप टाइमलाइनवर न टाकता, इफेक्ट न लावता नुसती चालवा. ती एकटीच अडखळली, तर मशीनला फाइल उलगडणंच झेपत नाहीये. यावर उपाय प्रॉक्सीचा. प्रॉक्सी म्हणजे त्याच क्लिपची हलकी नक्कल. आधी प्रोजेक्ट सेटिंग्जमध्ये प्रॉक्सी चालू करा, मग क्लिपवर राइट-क्लिक करून `Proxy Clip` निवडा. नकलेची रुंदी ९६० पिक्सेल ठेवली, तर उंची ५४० होते आणि दर फ्रेमला सोळाव्या हिश्श्याइतकेच पिक्सेल उरतात. नकला तयार व्हायला वेळ लागतो, म्हणून हे काम रात्री लावून ठेवा. डिस्कवर जागाही लागते, ती आधी बघून घ्या.

एकटी क्लिप सुरळीत चालते, पण टाइमलाइनवर पात्र, पार्श्वभूमी, पाऊस, धूसरपणा असे थर चढले की गाडी अडते? मग ओझं थर एकत्र करण्याचं आहे. अशा वेळी `Preview Resolution` मध्ये 540p किंवा 360p निवडा. याने नवी फाइल बनत नाही, सॉफ्टवेअर फक्त पडद्यापुरतं लहान चित्र रचतं. दोन्ही त्रास असतील, तर दोन्ही उपाय एकत्र चालतात.

आता सावध राहायच्या जागा. पात्राची क्लिप पारदर्शक पार्श्वभूमीची असेल आणि प्रॉक्सी केल्यावर मागे काळं दिसू लागलं, तर घाबरू नका. नेहमीच्या एच.२६४ नकलेत पारदर्शकता टिकत नाही. मूळ फाइल शाबूत असते, तेवढ्या क्लिपची प्रॉक्सी बंद करा. बारीक अक्षरं, कापलेल्या आकृतीच्या कडा आणि फोकस हलक्या चित्रावर पारखू नका. त्यासाठी प्रॉक्सी बंद करून 1:1 वर या आणि एकेक फ्रेम पुढे सरकवत तपासा. तिथे वेग लागतच नाही.

शेवटी रेंडर करताना प्रॉक्सीवरून रेंडर करण्याचा पर्याय बंद आहे ना, हे बघा. तो चालू राहिला, तर फ्रेम ३८४० × २१६० चीच निघेल, पण चित्र पुसट असेल. आणि मूळ क्लिप कधीही पुसू नका, कारण अंतिम फिल्म त्यांच्यातूनच बनते. रेंडरला मात्र पूर्वीइतकाच वेळ लागेल. या युक्त्यांनी कापणं-जोडणं हलकं होतं, रेंडर नाही. तेव्हा ज्यांची तक्रार फक्त रेंडरची आहे, त्यांनी या वाटेला जाऊ नये.