नेमप्लेटवर 1440 असताना 1500 का लिहिता?

व्हीएफडी बसवायला येणारे कितीतरी जण मोटरची नेमप्लेट वाचतात आणि नेमका एक आकडा गाळतात. व्होल्टेज भरतात, करंट भरतात, किलोवॅट भरतात. वेगाच्या जागी 1440 असं ठसठशीत कोरलेलं असताना ड्राइव्हमध्ये मात्र 1500 टाकून मोकळे होतात. ‘चार पोलची मोटर, पन्नास हर्ट्झ, म्हणजे पंधराशेच की!’ असं वर ऐकवतातही. मला हे उत्तर संतापजनक वाटतं. कारण त्या 60 फेऱ्यांच्या फरकावरच स्लिप कॉम्पेन्सेशनचं सगळं गणित उभं असतं. 1500 लिहिणारा माणूस ड्राइव्हला सांगतो की या मोटरला स्लिपच नाही. मग ड्राइव्ह भरपाई कशाची करणार?

इंडक्शन मोटरचा रोटर चुंबकीय क्षेत्राच्या मागे राहतो म्हणूनच त्यात करंट वाहतो आणि टॉर्क तयार होतो. जेवढा लोड जास्त, तेवढा तो अधिक मागे पडतो. 1440 च्या मोटरमध्ये पूर्ण लोडला ही घसरण 60 फेऱ्यांची, म्हणजे 2 हर्ट्झची. पन्नास हर्ट्झवर ती चार टक्के दिसते आणि ‘एवढं चालतंच’ म्हणून सोडून दिली जाते. पण ड्राइव्हने फ्लक्स कायम राखला, तर त्याच टॉर्कला घसरण फेऱ्यांमध्ये तेवढीच राहते, वेग कितीही खाली आणा. 15 हर्ट्झवर क्षेत्राचा वेग 450, त्यातून 60 गेले की उरले 390. चार टक्क्यांचे तेरा टक्के झाले. मंद चालणाऱ्या यंत्रावर स्लिपकडे दुर्लक्ष करणं म्हणजे मालकाचा माल बिघडवणं आहे.

पावडर कोटिंगची भट्टी घ्या. जॉब टांगलेली चेन भट्टीतून जाते आणि पावडर पक्की व्हायला, समजा, वीस मिनिटं लागतात. चेनची मोटर 2.2 किलोवॅटची, 1440 ची, ड्राइव्ह साध्या व्ही/एफ मोडमध्ये 15 हर्ट्झवर. चेन भरलेली असताना लोड नव्वद टक्के, म्हणजे घसरण 54 आणि वेग 396. ऑपरेटरने घड्याळ लावून वीस मिनिटं याच वेगावर जमवली. पुढच्या शिफ्टला तेच जॉब, पण बहुतेक हँगर रिकामे. लोड तीस टक्क्यांवर आला, घसरण 18 राहिली, वेग 432 झाला. आता जॉब साधारण सव्वाअठरा मिनिटांत बाहेर. भट्टी आधीच काठावर चालत असेल तर हा माल कच्चा राहतो, आणि तो डोळ्यांना दिसत नाही. रंग छान, चकाकी छान. एमईकेमध्ये भिजवलेला बोळा घासला की मग रंग बोळ्यावर उतरतो. तोवर दोष पावडरला दिलेला असतो, भट्टीच्या बर्नरला दिलेला असतो, ऑपरेटरलाही सुनावून झालेलं असतं.

ड्राइव्हच्या डिस्प्लेवर मात्र दोन्ही शिफ्टला 15.00 हर्ट्झ. इथेच निदान दडलेलं आहे आणि ते फुकट आहे. डिस्प्लेवर मागितलेली नव्हे, प्रत्यक्ष आउटपुट फ्रिक्वेन्सी लावा आणि लोड बदलताना बघा. आकडा हलत नसेल तर भरपाई होत नाही. होत असेल तर लोड वाढताच तो वर सरकलाच पाहिजे.

अनेक ड्राइव्हमध्ये व्ही/एफ मोडला भरपाई कारखान्यातूनच बंद येते. यास्कावाच्या V1000 मध्ये `C3-01` हा तिचा गेन. व्ही/एफमध्ये तो 0.0 असतो, तो 1.0 करावा लागतो. मॅन्युअलमध्ये हे लिहिलेलं आहे. ते न वाचता ‘हा ड्राइव्ह वेग धरत नाही, एन्कोडर लावा’ असं सांगून ग्राहकाला खर्चात पाडणाऱ्यांना मी तंत्रज्ञ मानत नाही.

आपल्या चेनवर गेन 1.0 केला आणि स्लिप 2 हर्ट्झ भरली की मागितलेला वेग आणि शाफ्टचा वेग जवळजवळ एक होतात. म्हणून 15 वर ठेवून चालणार नाही, चेन आता 450 ने पळेल. 396 हवे असतील तर 13.2 हर्ट्झ मागा. भरलेल्या चेनला ड्राइव्ह स्वतः 15.0 देईल, रिकाम्या चेनला 13.8 देईल. आकडा बदलत राहील आणि वेग जागेवर राहील.

पण लोड किती आहे हे ड्राइव्हला कळतं कसं? तो फक्त करंट बघतो, आणि करंटचे दोन भाग असतात. एक क्षेत्र उभं करण्यात जातो, दुसरा टॉर्क देतो. अशा लहान मोटरला पूर्ण लोडला पावणेपाच अँपियरच्या आसपास लागतात, आणि मोकळी फिरतानाही ती त्यातले निम्मे खाते. हे निम्मे वजा कसे करायचे, वायंडिंग आणि केबलचा रेझिस्टन्स किती धरायचा, हे ऑटो-ट्यूनिंग मोजून देतं. नो-लोड करंट खऱ्यापेक्षा कमी धरला असेल तर रिकाम्या चेनलाही ड्राइव्ह गरजेपेक्षा जास्त भरपाई करत बसतो.

‘ऑटो’ शब्द वाचून बटण दाबणाऱ्यांचा वर्ग वेगळाच. मोटर फिरवून होणारं ट्यूनिंग चेन जोडलेली ठेवूनच चालवतात. मग चेनचं घर्षण मोटरच्या खात्यात जमा होतं. कपलिंग सोडायला वेळ नसेल तर न फिरवता होणारं ट्यूनिंग करा. ते रेझिस्टन्स नीट मोजतं, नो-लोड करंट मात्र बहुधा नेमप्लेटवरून अंदाजाने काढतं. आणि नेमप्लेट आधी, ट्यूनिंग नंतर. 1500 भरून केलेलं ट्यूनिंग त्या खोट्या आकड्याला सुधारेलच असं नाही.

मोजमाप कधी घ्यायचं, हेही कुणी विचारत नाही. तापल्यावर रोटरचा रेझिस्टन्स वाढतो, दर अंशाला सुमारे 0.4 टक्के. ऐंशी अंशांनी तापला तर स्लिप तीसएक टक्क्यांनी वाढते. नेमप्लेटवरचे 60 हे तापलेल्या मोटरचे आहेत. सकाळच्या थंड मोटरची घसरण पूर्ण लोडला 46 च्या आसपास असते. त्यामुळे पूर्ण भरपाई लावलेली चेन सुरुवातीला थोडी जास्त पळते. टॅकोमीटर घेऊन रिकाम्या आणि भरलेल्या चेनवर शाफ्टचा वेग मोजायचा तो मोटर तापल्यावर. भरलेल्या चेनवर वेग अजून कमी पडत असेल तर गेन 1.1 करा, रिकाम्या चेनपेक्षा वाढत असेल तर कमी करा. करंट झुलायला लागला, मोटर हेलकावे द्यायला लागली, तर गेन जास्त आहे किंवा भरपाईचा विलंब फार कमी ठेवलाय. थंड मोटरवरची ही दोन-तीन टक्क्यांची चूकही परवडत नसेल, तेव्हाच एन्कोडरचा खर्च योग्य.

एवढं शिकून सगळीकडेच गेन चढवणारेही भेटतात. एका ड्राइव्हवर अनेक मोटरी असतील तर करंट सगळ्यांचा मिळून असतो, त्यातून एकीची स्लिप काढता येत नाही. तिथे भरपाई बंद. लांब चेनला दोन टोकांना दोन मोटरी, दोन ड्राइव्ह असतील तर धोका मोठा. जिच्यावर लोड जास्त पडेल ती थोडी मागे पडते आणि दुसरी आपोआप भार उचलते. ही वाटणी स्लिपच करते. दोन्हींवर पूर्ण भरपाई लावली की जास्त लोड असलेली मोटर आणखी जोरात ओढते, दुसरी मोकळी होते, आणि पहिलीचा ड्राइव्ह ओव्हरलोडवर ट्रिप होतो. अशा चेनवर दोन्हींचे गेन शून्यावर ठेवायचे, किंवा एका ड्राइव्हने वेग धरायचा आणि दुसऱ्याने त्याचा टॉर्क पाळायचा.