२९ फेब्रुवारीला जन्मलेली व्यक्ती १८ वर्षांची नेमकी कधी होते?

समजा, एका मुलीचा जन्म २९ फेब्रुवारी २००८ चा आहे. २०२६ मध्ये ती १८ वर्षांची होते. पण २०२६ च्या कॅलेंडरमध्ये २८ फेब्रुवारीनंतर थेट १ मार्च येतो. मग ती सज्ञान कधी झाली म्हणायची, २८ फेब्रुवारीला की १ मार्चला?

केक कधी कापायचा हा घरचा प्रश्न आहे. काही घरांत तो २८ ला कापतात, काही घरांत १ मार्चला, तर काही जण तिथीने वाढदिवस करून हा वादच मिटवतात. कायद्यात मात्र एका दिवसाने फरक पडू शकतो. गिअरच्या गाडीचं लायसन्स, स्वतःच्या सहीने केलेला करार किंवा मुलीचं लग्न, या सगळ्यांसाठी १८ वर्षं पूर्ण असावी लागतात.

ही तारीख गायब का होते?

पृथ्वीला सूर्याभोवती एक फेरी मारायला सुमारे ३६५.२४२२ दिवस लागतात. वरचा हा जवळपास पाव दिवस चार वर्षांत साठतो आणि फेब्रुवारीत एक दिवस वाढवला जातो. पण तो पाव दिवसापेक्षा किंचित कमी असल्याने हिशेब थोडा जास्त होतो. म्हणून शतकाचं वर्ष ४०० ने भागलं जात असेल तरच ते लीप वर्ष धरतात. २००० लीप वर्ष होतं, १९०० नव्हतं.

याचा फटका बसलेलं एक ठळक नाव म्हणजे माजी पंतप्रधान आणि मुंबई राज्याचे माजी मुख्यमंत्री मोरारजी देसाई. त्यांचा जन्म २९ फेब्रुवारी १८९६ चा. १९०० मध्ये ही तारीख आलीच नाही, त्यामुळे जन्मानंतरची पहिली २९ फेब्रुवारी त्यांना थेट १९०४ मध्ये, आठव्या वर्षी मिळाली. १९७७ मध्ये पंतप्रधान झाले तेव्हा त्यांचं वय ८१ होतं, पण खऱ्या तारखेचे वाढदिवस झाले होते फक्त १९.

अर्थात, म्हणून कायद्याने त्यांचं वय १९ ठरत नाही. कायदा वाढदिवस मोजत नाही, पूर्ण झालेली वर्षं मोजतो.

भारतात वय कसं मोजतात?

सज्ञान होण्याचं वय १८७५ च्या भारतीय सज्ञानता कायद्यात दिलं आहे. त्याच्या कलम ३ मध्ये दोन गोष्टी स्पष्ट आहेत. पहिली, जन्माचा दिवस पूर्ण दिवस म्हणून धरायचा, मग जन्म रात्री साडेअकराचा का असेना. दुसरी, त्या दिवसाला १८ वर्षं होतात तो दिवस सुरू होताच, म्हणजे मध्यरात्री, व्यक्ती सज्ञान होते.

पण तो दिवस कॅलेंडरमध्येच नसेल तर काय करायचं, हे या कलमात लिहिलेलं नाही. खरी अडचण इथेच आहे. शिवाय १८ ला चारने भाग जात नाही. त्यामुळे २९ फेब्रुवारीला जन्मलेल्या कुणाचाही अठरावा वाढदिवस खऱ्या तारखेला येऊच शकत नाही.

दिवस मोजले तर?

आता त्या मुलीचा हिशेब करून पाहू. २९ फेब्रुवारी २००८ हा पहिला दिवस धरला, तर २८ फेब्रुवारी २०२६ ची रात्र संपेपर्यंत ६,५७५ दिवस होतात.

तिच्या आदल्या दिवशी, २८ फेब्रुवारी २००८ ला जन्मलेला मुलगा २८ फेब्रुवारी २०२६ सुरू होताच सज्ञान झाला. तोपर्यंत त्याचेही बरोबर ६,५७५ दिवस भरले होते. म्हणजे मुलीला १ मार्च सुरू होताच सज्ञान मानलं, तर दोघांना सारखाच न्याय मिळतो. तिला २८ फेब्रुवारी सुरू होतानाच सज्ञान मानलं, तर तिचा एक दिवस कमी भरतो. म्हणून कलमातल्या मोजणीशी १ मार्च ही तारीख जास्त जुळते.

एक दिवस खरंच महत्त्वाचा ठरतो?

ठरतो. राजस्थानच्या प्रशासकीय सेवेच्या परीक्षेचं एक प्रकरण सुप्रीम कोर्टात गेलं होतं. उमेदवाराचा जन्म २ जानेवारी १९५६ चा. अट अशी होती की १ जानेवारी १९८४ ला त्याची २८ वर्षं पूर्ण झालेली नसावीत. वाढदिवस २ तारखेला, म्हणजे आपण अटीत बसतो, असं त्याचं म्हणणं होतं. १९८६ मध्ये कोर्टाने ते मान्य केलं नाही. जन्माचा दिवस पूर्ण धरला की २८ वं वर्ष वाढदिवसाच्या आदल्या दिवशीच पूर्ण होतं, असं कोर्टाने सांगितलं. उमेदवार एका दिवसाने अपात्र ठरला.

हेच सूत्र लीप दिवसाला लावलं, तर वर्ष २८ फेब्रुवारीला पूर्ण होतं. त्यामुळे वयाची कमाल अट असलेल्या नोकरीचा फॉर्म भरताना २८ तारखेपर्यंतच हिशेब धरलेला बरा.

कुठे फरक पडत नाही?

मतदार यादीत पडत नाही. १ जानेवारी, १ एप्रिल, १ जुलै आणि १ ऑक्टोबर या चार तारखांपैकी एकीला १८ वर्षं पूर्ण असली की नाव नोंदवता येतं. २८ फेब्रुवारी धरा की १ मार्च, त्या मुलीसाठी लागू होणारी तारीख १ एप्रिल २०२६ हीच.

केंद्र सरकारच्या नोकरीतून निवृत्त होतानाही तेच. ज्या महिन्यात ६० वर्षं पूर्ण होतात, त्या महिन्याच्या शेवटच्या दिवशी निवृत्ती मिळते. २९ फेब्रुवारी १९६८ ला जन्मलेला कर्मचारी २९ फेब्रुवारी २०२८ ला निवृत्त होईल.

कॉम्प्युटरही गोंधळतो

एक्सेलमध्ये २९ फेब्रुवारी २००८ या तारखेत EDATE ने २१६ महिने, म्हणजे १८ वर्षं मिळवली, तर उत्तर २८ फेब्रुवारी २०२६ येतं. पण त्याच २८ तारखेचं वय DATEDIF ने काढलं, तर ते १७ दाखवतं. एकाच सॉफ्टवेअरची दोन उत्तरं! म्हणून एखाद्या वेबसाइटने २८ तारखेला 'वय कमी आहे' सांगून फॉर्म नाकारला, तर दुसऱ्या दिवशी पुन्हा भरून पाहावा.

इतर देशांत काय करतात?

हाँगकाँगच्या कायद्यात थेट लिहिलं आहे की लीप नसलेल्या वर्षी वाढदिवस १ मार्च धरायचा. जपानमध्ये १९०२ च्या कायद्यानुसार वय वाढदिवसाच्या आदल्या दिवसाच्या शेवटी वाढतं, त्यामुळे तिथे २८ फेब्रुवारीची रात्र संपताना वर्ष पूर्ण होतं. भारतात असं थेट वाक्य नाही.

मग काय लक्षात ठेवायचं?

किमान वयाची अट असेल, तर १ मार्चपर्यंत थांबा. गाडी चालवणं, करारावर सही किंवा लग्न २८ फेब्रुवारीला उरकू नका. कमाल वयाची अट असेल, तर २८ फेब्रुवारीलाच वर्ष पूर्ण झालं असं समजा. आणि शाळेच्या दाखल्यावर सोयीसाठी २८ फेब्रुवारी किंवा १ मार्च लिहू नका. जन्म दाखल्यावर २९ फेब्रुवारी असेल, तर आधार, पासपोर्ट, मार्कशीट सगळीकडे तीच हवी. तारखा जुळल्या नाहीत, तर दुरुस्तीला एका दिवसापेक्षा बराच जास्त वेळ जातो.