एका चिठ्ठीची मुदत

गेल्या वर्षी आमचे एक व्यापारी स्नेही हातात विद्यापीठाचा कागद घेऊन माझ्याकडे आले. त्यांच्या चिरंजीवांकडे बी.कॉम.च्या सहाव्या सत्राच्या परीक्षेत, एप्रिल २०२४ मध्ये, एक चिठ्ठी सापडली होती. गैरप्रकार चौकशी समितीने निर्णय दिला होता : संपादणूक पूर्णतः रद्द, आणि पुढील एका अतिरिक्त परीक्षेस बसण्यास मनाई. स्नेही म्हणाले, "साहेब, एक परीक्षा हुकली, इतकेच ना? दिवाळीच्या सुमारास देईल." मी कागद दोनदा वाचला आणि त्यांना सांगितले की हा हिशेब चुकला आहे. तो कोठे चुकला, ते वाचकांपुढे मांडावे असे वाटले. कारण असा आदेश वाचण्याची वेळ कोणत्याही घरावर येऊ शकते.

पहिली चूक 'अतिरिक्त' या शब्दाची. मुंबई विद्यापीठाच्या नियमांत गैरप्रकारांची शिक्षासूची दिलेली आहे. नुसती चिठ्ठी जवळ बाळगली तर त्या परीक्षेतील संपादणूक रद्द होते. चिठ्ठीवरून प्रत्यक्ष नक्कल केली असेल, तर त्याखेरीज आणखी एका परीक्षेस मनाई होते. तोतयेगिरीला ही मनाई पाच अतिरिक्त परीक्षांपर्यंत जाते. रद्द झालेली परीक्षा या मोजणीत धरली जात नाही. मोजणी तिच्यानंतर सुरू होते. म्हणजे या मुलाची एप्रिल २०२४ ची परीक्षा रद्द झाली, हिवाळी सत्राची परीक्षा मनाईत गेली, आणि तो पुन्हा बसू शकणार होता तो एप्रिल २०२५ मध्ये. शिवाय 'पूर्णतः' याचा अर्थ केवळ तो एक पेपर नव्हे. त्याआधी प्रामाणिकपणे दिलेले पेपरही त्याबरोबर गेले.

येथेच सुनावणीचे महत्त्व ध्यानात येते. चिठ्ठी जवळ असणे आणि चिठ्ठीवरून लिहिणे यांत एका परीक्षेचे अंतर आहे. ते ठरते उत्तरपत्रिकेतील मजकूर चिठ्ठीशी जुळतो की नाही यावर. म्हणून समितीची नोटीस आल्यावर आरोप नेमका कोणत्या प्रकाराचा आहे हे पाहून लेखी उत्तर द्यावे आणि सुनावणीस विद्यार्थ्याने स्वतः हजर राहावे. आमच्या स्नेह्यांनी संकोचापोटी मुलाला सुनावणीस पाठविलेच नाही. त्याची बाजू कोणी ऐकलीच नाही.

दुसरी चूक अशी की, विद्यापीठाची मनाई विद्यापीठापुरतीच आहे, इतर परीक्षांशी तिचा संबंध नाही, असे त्यांनी धरले. शब्दशः ते खरे आहे. मनाईचा आदेश सामान्यतः तो देणाऱ्या संस्थेच्या परीक्षांनाच लागू होतो. पण इतर परीक्षा पदवी मागतात, आणि पदवीची तारीख पुढे गेली की त्या परीक्षांची दारे आपोआप बंद होतात.

या मुलाला बँकेत अधिकारी व्हायचे होते. सार्वजनिक बँकांची परिवीक्षाधीन अधिकारी भरती आयबीपीएस करते. तिच्या अधिसूचनेत ठरलेल्या दिवसापर्यंत पदवीचा निकाल जाहीर झालेला असावा लागतो, आणि गुणपत्रिकेवरील किंवा तात्पुरत्या प्रमाणपत्रावरील तारीख प्रमाण मानली जाते. २०२४ च्या भरतीत हा मुलगा पदवीधर नव्हता. २०२५ च्या भरतीसाठी निर्णायक दिवस २१ जुलै होता. त्याचा निकाल त्यानंतर हाती आला, आणि दुसरे वर्षही गेले. आयबीपीएसने त्याच्यावर कोणतीही बंदी घातली नव्हती. तरी सहा महिन्यांच्या मनाईने भरतीच्या दोन फेऱ्या खाल्ल्या.

चार्टर्ड अकाउंटंट होण्याची वाटही त्याने धरून ठेवली होती. वाणिज्य पदवीधराला ५५ टक्के गुणांवर थेट इंटरमीजिएटला प्रवेश मिळतो, आणि पदवीच्या अंतिम वर्षात असतानाच तात्पुरती नोंदणी करता येते. मात्र अंतिम परीक्षेनंतर सहा महिन्यांच्या आत पदवी उत्तीर्ण झाल्याचा पुरावा न दिल्यास ती नोंदणी रद्द होते आणि शुल्क परत मिळत नाही. तेच झाले. परंतु याच अभ्यासक्रमाला बारावीनंतर फाउंडेशन परीक्षेचीही वाट आहे आणि तिला पदवी लागत नाही. मनाईचा आदेश हाती आला त्याच दिवशी हे कोणी सांगितले असते, तर मधले वर्ष वाया गेले नसते.

याच्या उलट बाजू पाहा. गैरप्रकार भरती परीक्षेतच घडला, तर मनाई तेवढ्या एका परीक्षेपुरती राहत नाही. आयबीपीएसच्या नियमाप्रमाणे दोषी उमेदवाराला तिच्या कोणत्याही परीक्षेस ठराविक काळ किंवा कायमचे प्रतिरोधित करता येते. नोकरी लागली असल्यास ती संपुष्टातही आणता येते. ही एकच संस्था लिपिक, अधिकारी, विशेषज्ञ अधिकारी आणि प्रादेशिक ग्रामीण बँका या सर्वांच्या परीक्षा घेते. लिपिकाच्या परीक्षेत खिशात मोबाईल सापडला, तर स्टेट बँक वगळता ११ सार्वजनिक बँकांचे दार एकदमच बंद होऊ शकते. स्टेट बँक आपली भरती स्वतंत्रपणे करते. आणि वयाची अट मनाईसाठी थांबत नाही. अधिकारी पदासाठी सर्वसाधारण गटात कमाल वय ३० आहे. २७ व्या वर्षी तीन वर्षांची मनाई झाली, तर कागदावर ती मुदतीची असली तरी व्यवहारात कायमची ठरते.

तिसरी गोष्ट मला सर्वांत महत्त्वाची वाटते. मुदत संपली म्हणजे नोंद पुसली गेली, असे होत नाही. केंद्र सरकारच्या सेवेत निवड झाल्यावर जो साक्षांकन नमुना भरावा लागतो, त्यात सरळ प्रश्न आहे : आपणांस कधी कोणत्या विद्यापीठाने वा शैक्षणिक संस्थेने परीक्षेस बसण्यास मनाई केली आहे काय? लोकसेवा आयोगाने प्रतिरोधित केले आहे काय, हा प्रश्न त्यापुढेच येतो. 'कधी' हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. दहा वर्षांपूर्वीची, पूर्ण भोगलेली मनाईही त्यात येते. त्याच नमुन्यावर इशारा छापलेला असतो की, खोटी माहिती देणे किंवा खरी माहिती दडविणे ही स्वतंत्र अपात्रता आहे. माहिती दडविण्याविषयी सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये अवतार सिंग प्रकरणात जो निर्णय दिला, तो फौजदारी प्रकरणांच्या संदर्भात होता. त्याचा आशय असा की, किरकोळ बाब लपविली गेली असली तर नियोक्ता ती पोटात घालू शकतो. आणि खरे सांगितले म्हणून नेमणुकीचा हक्क मिळत नाही, नियोक्ता पूर्वेतिहास पाहून निर्णय घेतो. तरीही विद्यार्थिदशेतील एक चिठ्ठी उघडपणे सांगितली तर तिचा विचार चिठ्ठी म्हणूनच होईल. लपविली, तर विचार खोटेपणाचा होईल.

म्हणून स्नेह्यांना मी शेवटी एवढेच सांगितले. आदेशाची प्रत दप्तरात जपून ठेवा. तिच्यावर तीन गोष्टी लाल शाईने अधोरेखित करा : मनाई कोणत्या परीक्षेपासून मोजायची, ती कोणकोणत्या परीक्षांना लागू आहे, आणि ती कोणत्या परीक्षेनंतर संपते. पुढे ज्या ज्या अर्जात हा प्रश्न येईल, तेथे 'होय' लिहून या प्रतीचा क्रमांक व दिनांक द्या.

चिरंजीवांनी आता फाउंडेशनसाठी नोंदणी केली आहे. परवा ते अर्जाची प्रत दाखवायला आले, तेव्हा आदेशाचा कागदही बरोबर आणला होता. त्यावर लाल शाईच्या तीन रेघा ओढलेल्या होत्या.