ताटाचा भाव १८०, पडते २४४ ला!

लग्नसराईत अणदूर, नळदुर्ग, तुळजापूर भागात मंगल कार्यालय ठरवताना आपण एकच प्रश्न विचारतो, 'ताट कितीला?' खरा खर्च मात्र पुढच्या तीन गोष्टींत असतो. हमीची ताटे, काउंटर आणि कर.

हिशेबासाठी धरू की ताट १८० रुपये, हमी ५०० ताटांची, आणि गरम डोशाच्या काउंटरचे ताटामागे २० रुपये जादा. प्रत्यक्षात जेवले ४३०. तरी बिल ५०० चेच निघते. जेवणाचे ९० हजार, काउंटरचे १० हजार, त्यावर ५ टक्के जीएसटी ५ हजार. एकूण १ लाख ५ हजार. भागिले ४३० केले की ताट पडले २४४ रुपयांना.

आता हमी ४०० ची धरा आणि काउंटरचे तेच १० हजार उक्ते ठरवा. जेवलेल्या ४३० ताटांचे ७७,४०० आणि काउंटरचे १० हजार. करासह बिल ९१,७७० रुपये. फरक १३,२३० रुपयांचा. २०२५-२६ च्या ५,३२८ रुपये हमीभावाने हे जवळजवळ अडीच क्विंटल सोयाबीन झाले. आपल्या मालाला हमी मिळवताना नाकी नऊ येतात, आणि इथे आपणच दुसऱ्याला हमी लिहून देतो!

म्हणून हमी अंदाजापेक्षा कमीच धरावी. त्याच तिथीला गावात दुसरी लग्ने असली की पाव्हणे वाटले जातात. मात्र हमीच्या वर किती ताटांपर्यंत स्वयंपाक तयार राहील आणि त्या ताटांचा दर तोच राहील का, हे लिहून घ्या. नाहीतर शेवटच्या पंगतीला भात संपतो.

काउंटरचे पैसे ताटामागे देऊ नका. डोसा सगळेच खात नाहीत, पण पैसे सगळ्या ताटांवर लागतात. एका तव्यावर तासाला किती डोसे निघतात तेही विचारा. तवा एकच असला तर रांग लागते आणि निम्मे लोक तसेच परततात.

कराचेही नीट पाहा. कार्यालय आणि जेवण एकाच मालकाकडून एकत्र घेतले तर साधारणपणे सगळ्यावर ५ टक्के लागतो. नोंदणीवाल्या कार्यालयाचे नुसते भाडे वेगळे घेतले तर त्यावर १८ टक्के. ३० हजार भाड्यावर १,५०० कुठे आणि ५,४०० कुठे! मोठ्या महागड्या हॉटेलांचा दर वेगळा असतो. बिलावर जीएसटी क्रमांक नसेल तर कर मागताच येत नाही. महाराष्ट्रातला क्रमांक २७ ने सुरू होतो आणि त्यात १५ अक्षरे-आकडे असतात.

राहिली मोजणी. जेवणाआधी काढलेली ताटे आणि शेवटी उरलेली कोरी ताटे, दोन्ही आपल्या घरच्या माणसासमोर मोजून वहीत सही घ्या. उष्ट्या ताटांवरून हिशेब धरू नका. विसार देण्याआधी हे सगळे पावतीच्या मागे लिहून घेतले, तर लग्नानंतर वाद उरत नाही.