नोकरकपातीच्या बातमीनंतरचं पत्र

एखाद्या कंपनीने माणसं कमी केल्याची बातमी आली की पुढच्या आठवड्यात तिच्या अधिकाऱ्यांना दोन प्रकारची पत्रं येतात. पहिली, बातमी न वाचता पाठवलेली: 'आपल्या कंपनीची घोडदौड पाहून आनंद होतो.' दुसरी, बातमी वाचून पाठवलेली: 'या कठीण काळात आम्ही आपल्यासोबत आहोत.' पहिल्या पत्राला लोक हसतात आणि विसरतात. दुसरं मात्र लक्षात राहतं, कारण त्यात सांत्वनाच्या आडून माल विकलेला असतो. मयताच्या घरी जाऊन दोन शब्द बोलायचे आणि उठता उठता जमिनीचा भाव विचारायचा, तसलाच हा प्रकार.

आपल्यातली बरीच मुलं आता छोट्या कंपन्या चालवतात, सेवा पुरवतात, मोठ्या कंपन्यांना काम मागायला लिहितात. 'बातमीनंतर पत्राचा सूर कसा ठेवायचा' असं ती विचारतात तेव्हा त्यांना सहानुभूतीचं एखादं चांगलं वाक्य हवं असतं. माझं मत असं आहे की सूर वाक्य वाढवून बदलत नाही. तुम्ही काय मागता, कधी मागता आणि कुणाकडे मागता, हे बदललं की तो आपोआप बदलतो.

सुरुवात बातमी नीट वाचण्यापासून करायची. टीसीएसचं उदाहरण घ्या. २७ जुलै २०२५ रोजी बातमी आली की ही कंपनी वर्षभरात सुमारे दोन टक्के, म्हणजे १२ हजारांच्या आसपास माणसं कमी करणार आणि त्यांत मधल्या व वरच्या फळीतले लोक जास्त असतील. पुण्यात किती घरांत त्या रात्री जेवण गोड लागलं नसेल, ते सांगायला नको. पण त्याच महिन्यात, १० जुलैला, कंपनीने तिमाही निकाल जाहीर केले होते. त्यात निव्वळ नफा १२,७६० कोटी रुपये होता, आदल्या वर्षीच्या त्याच तिमाहीपेक्षा सुमारे सहा टक्क्यांनी जास्त. म्हणजे संकट कामगारांवर होतं, तिजोरीवर नव्हतं. अशा कंपनीला 'आपल्या आर्थिक अडचणीच्या काळात' असं लिहिणं हे आधी चूक आहे, मग असभ्य.

याउलट जेट एअरवेज. १७ एप्रिल २०१९ च्या रात्री तिचं शेवटचं विमान अमृतसरहून मुंबईला आलं. कर्ज देणाऱ्यांनी तातडीचा पैसा नाकारला होता आणि कर्मचाऱ्यांचे पगार थकले होते. तिथे विक्रीच्या पत्राला अर्थच नव्हता. घ्यायची इच्छा असली तरी द्यायला पैसे नव्हते. दोन्ही बातम्यांचा मथळा 'कंपनी अडचणीत' असा करता येतो, पण दोन्हीकडे जाणारं पत्र एकच असू शकत नाही. म्हणून मथळ्यावर थांबू नये. कंपनी शेअर बाजारात नोंदलेली असेल तर तिने बाजाराला दिलेलं निवेदन आणि शेवटचे तिमाही निकाल पाहावेत. अर्ध्या तासाचं काम आहे.

आता एक उदाहरण पत्रासकट पाहू. समजा, कोंढव्यातल्या एका तरुणाची सहा जणांची कंपनी आहे. ती मोबाईल अ‍ॅपची चाचणी करते. त्याने १० जुलैला एका मोठ्या कंपनीच्या व्यवस्थापकाला पहिलं पत्र पाठवलं. उत्तर आलं नाही तर १९ दिवसांनी स्मरणपत्र आपोआप जावं, अशी सोय त्याने संगणकावर लावून ठेवली आहे. २७ तारखेला त्या कंपनीतल्या नोकरकपातीची बातमी येते. २९ तारखेला ते स्मरणपत्र जाणार: 'आपलं उत्तर अजून आलं नाही, आपण व्यस्त असाल.' ज्याला हे मिळेल तो माणूस कदाचित त्या दिवशी आपल्या हाताखालच्या चौघांना निरोप देऊन आलेला असेल. कदाचित त्याचंच नाव यादीत असेल.

म्हणून बातमी दिसताच पहिलं काम म्हणजे त्या कंपनीकडे आपोआप जाणारी सगळी पत्रं थांबवणं. नवं पत्र लिहिण्याआधी हे. दुसरं काम, तो माणूस अजून तिथे आहे का हे पाहणं. पत्र परत आलं, 'या पत्त्यावर आता अमुक यांच्याशी संपर्क साधा' असं स्वयंचलित उत्तर आलं किंवा त्याच्या लिंक्डइनवरचं पद बदललं, की समजून जावं. मग त्याच्या जागी आलेल्या व्यक्तीला 'यांच्याशी आमचं बोलणं चालू होतं' असं लिहून जुन्या नावाचा आधार घेऊ नये. गेलेल्या माणसाशी ओळख असेल तर त्याला वेगळं लिहावं, आणि त्या पत्रात काहीही मागू नये.

आता तो तरुण महिनाभर थांबून नवं पत्र लिहायला बसतो. पत्र इंग्रजीत जाणार आहे, पण सूर कळावा म्हणून इथे मराठीत देतो. त्याचा पहिला मसुदा असा:

'सध्याच्या कठीण काळात आमच्या सदिच्छा आपल्यासोबत आहेत. अशा वेळी कमी मनुष्यबळात जास्त काम करून घेणं महत्त्वाचं असतं. आमची टीम आपला चाचणीचा खर्च निम्म्यावर आणू शकते. या आठवड्यात पंधरा मिनिटं बोलू या का?'

पहिलं वाक्य कुणालाही पाठवता येईल असं आहे, म्हणून ते कुणालाच लागू पडत नाही. दुसरं वाक्य सर्वांत घातक. काल ज्या खोलीत माणसं कमी झाली त्या खोलीत जाऊन कमी माणसांत काम करण्याचे फायदे ते सांगतं. शिवाय अशी पत्रं एका टेबलावर थांबत नाहीत. 'हे बघा' म्हणून ती पुढे पाठवली जातात आणि उरलेल्या कर्मचाऱ्यांपर्यंत पोचतात. तिसऱ्या वाक्याचा सरळ अर्थ 'तुम्ही काढलेल्यांचं काम आम्ही स्वस्तात करू' असा होतो. चौथं वाक्य ज्याच्याकडे वेळ नाही आणि खर्चाचे अधिकारही बहुधा आखडले गेलेले आहेत, त्याच्याकडे याच आठवड्यातली वेळ मागतं.

आता दुसरा मसुदा:

'नमस्कार. १० जुलैला मी आपल्याला अ‍ॅपच्या चाचणीबद्दल लिहिलं होतं. त्यानंतर आपली प्राधान्यं बदलली असतील हे जाणून मधे पुन्हा लिहिलं नाही. आमची सहा जणांची टीम उर्दू, मराठी आणि हिंदी या भाषांतल्या अ‍ॅपची चाचणी करते. उर्दू मजकूर उजवीकडून डावीकडे जातो, त्यामुळे बटणं चुकीच्या बाजूला येणं, आकडे उलटसुलट दिसणं, जोडाक्षरं तुटणं असे दोष राहून जातात. ते कसे शोधतो याचा एक पानाचा नमुना जोडला आहे. आत्ता हा विषय नसेल तर उत्तराची गरज नाही. ऑक्टोबरच्या शेवटी एकदा विचारीन, त्यानंतर त्रास देणार नाही.'

या पत्रात बातमीचा उल्लेख फक्त एका अर्ध्या वाक्यात आहे. 'नोकरकपात' हा शब्द नाही, दुःख नाही, प्रश्नही नाही. प्रश्न मुद्दाम टाळलाय, कारण 'आता तिकडे वातावरण कसं आहे' याचं लेखी उत्तर देणं नोकरीतल्या माणसाला अडचणीचं असतं. बाकीचं पत्र कामाबद्दल आहे, आणि ते काम असं आहे की कुणाच्या रिकाम्या झालेल्या खुर्चीवर त्याचा डोळा नाही. ऑक्टोबरचा शेवटही उगाच निवडलेला नाही. तोवर जुलै ते सप्टेंबर ही तिमाही संपलेली असते, आयटीतल्या बऱ्याच मोठ्या कंपन्यांचे निकाल लागलेले असतात आणि खर्चाचं चित्र थोडं स्पष्ट झालेलं असतं.

इथे एक अवघड गोष्ट सांगितली पाहिजे. दुसरा मसुदा चांगला वाटतो तो शब्दांमुळे कमी आणि देऊ केलेल्या कामामुळे जास्त. तुमची सेवा खरोखरच काढलेल्या लोकांच्या जागी बसणारी असेल, तर कितीही मऊ भाषा ती झाकू शकणार नाही. तो धंदा बेकायदा नाही, पोट प्रत्येकाला आहे. पण मग सहानुभूतीचा शब्द तरी वापरू नका. थांबा, नंतर लिहा आणि सेवा काय आहे ते सरळ सांगा. ज्याच्या नुकसानीतून आपला फायदा होतो आहे, त्याच्याबद्दल हळहळ लिहून तोच कागद सौद्यासाठी पुढे करणं, याला मी सूर सांभाळणं म्हणत नाही.

उलट दिशेची चूकही होते. कंपनीवर वाईट वेळ आली म्हणून छोटा पुरवठादार आपलं थकलेलं बिल मागायला लाजतो. इथे थांबणं महागात पडतं, कारण कंपनी खरंच बुडत असेल तर उशिरा जागा होणारा रांगेत मागे राहतो. २००६ च्या सूक्ष्म, लघु व मध्यम उद्योग कायद्यानुसार नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराला ठरलेल्या मुदतीत पैसे मिळायला हवेत, आणि ती मुदत लेखी ठरवली तरी ४५ दिवसांपेक्षा जास्त असू शकत नाही. लेखी करार नसेल तर माल वा सेवा स्वीकारल्यापासून १५ दिवस. त्यामुळे बिलाचं पत्र थांबवू नका आणि त्यात दिलगिरीही नको. बिलाचा क्रमांक, तारीख, रक्कम, मुदत कधी संपली आणि पैसे कधी मिळतील हा एकच प्रश्न, एवढं पुरे. बातमीचा उल्लेख करायचा नाही, टोमणा मारायचा नाही. लेखा विभागातल्या ज्या मुलीला ते पत्र मिळेल तिने कंपनी बुडवलेली नसते.

म्हणजे हिशेब साधा आहे. नवं काहीतरी मागायचं असेल तर थांबावं. आपलं हक्काचं मागायचं असेल तर थांबू नये. आणि दोन्ही पत्रं पाठवण्याआधी एकदा अशा माणसाच्या नजरेने वाचावीत, जो उद्या आपली नोकरी राहील की नाही या विचारात ती उघडणार आहे. जे वाक्य त्याला टोचेल ते मऊ करत बसण्यापेक्षा खोडून टाकलेलं बरं.