जोड्या लावा : ‘अवयव’ म्हणजे नेमका कोणता?

जीवशास्त्राच्या प्रश्नमंजूषेत ‘ट्रिप्सिन : अवयव सांगा’ असा प्रश्न आला, की उत्तरे दोन येतात. समजा, पोलादपूरची विद्यार्थिनी ‘स्वादुपिंड’ म्हणाली, महाडचा विद्यार्थी ‘लहान आतडे’ म्हणाला आणि गुण एकालाच मिळाला. वस्तुतः दोघांचेही बरोबर आहे. विकर तयार कोठे होते आणि ते कार्य कोठे करते, हे दोन निराळे प्रश्न आहेत. प्रश्नकर्त्याने ते एकाच रकान्यात कोंबले, हा दोष मुलांचा नव्हे.

वरण-भात-तुपाच्या एका घासाचा मागोवा घेतला, तर हा भेद उमगतो. भातातील पिष्टावर तोंडातच लाळेतील अमायलेज, म्हणजे जुन्या पुस्तकांतले टायलिन, काम करू लागते. त्यातून मुख्यतः माल्टोज मिळते. येथे ‘ग्लुकोज’ लिहिणारे पुष्कळ असतात. परंतु माल्टोजचे ग्लुकोज होते ते पुढे, लहान आतड्याच्या अस्तरावरील माल्टेजमुळे.

वरणातील प्रथिनांचे पचन जठरात सुरू होते. पेप्सिनला तीव्र आम्ल लागते, आणि ते जठरातच असते. अन्न लहान आतड्यात उतरले, की स्वादुरस व पित्तरस आम्लता घालवतात. पेप्सिन थांबते आणि ट्रिप्सिनची पाळी येते. मात्र स्वादुपिंडातून ते ट्रिप्सिन म्हणून निघतच नाही. निघते ते निष्क्रिय ट्रिप्सिनोजेन. दुसऱ्या सहीवाचून न वटणाऱ्या धनादेशासारखे! ती दुसरी सही आतड्याच्या अस्तरावरील एंटरोकायनेज करते. ते स्वादुपिंडातच सक्रिय झाले, तर त्या ग्रंथीचेच पचन होऊ लागेल. स्वादुपिंडाच्या तीव्र दाहात काहीसे हेच घडते. म्हणून ट्रिप्सिनपुढे ‘निर्मिती : स्वादुपिंड, कार्य : लहान आतडे’ असे दोन्ही लिहावे. त्याच्या क्रियेने प्रथिनांचे लहान पेप्टाइड होतात. अमिनो आम्लांपर्यंतचे उरलेले काम इतर विकरे करतात.

तुपावर स्वादुपिंडातील लायपेज कार्य करते. शालेय उत्तर ‘मेदाम्ले व ग्लिसरॉल’. यकृतातून येणारा पित्तरस केवळ स्निग्ध पदार्थांचे बारीक थेंब करतो. त्यात पाचक विकर नसते; जोड्यांच्या यादीत त्याचे नाव बहुधा फसवण्यासाठीच घातलेले असते.

यातील पहिली जोडी घरी पडताळता येते. भाताची पेज पाणी घालून अगदी पातळ करावी, निवू द्यावी आणि तीन वाट्यांत थोडी थोडी घ्यावी. एकीत चमचाभर लाळ घालावी, दुसरीत उकळून गार केलेली तेवढीच लाळ, तिसरीत तेवढेच पाणी. वाट्या कोमट पाण्यात पंधरा-वीस मिनिटे ठेवून प्रत्येकीत आयोडीनचा थेंब टाकावा. पाण्याची व उकळलेल्या लाळेची वाटी निळी-काळी होईल. पहिलीत निळा रंग फिका पडेल किंवा उमटणारच नाही. उकळल्याने विकर निकामी होते. पहिली वाटीही गडद निळी झाली, तर पेज दाट राहिली किंवा वेळ कमी पडला असे समजावे. प्रयोगानंतर तिन्ही वाट्यांतील पेज टाकून द्यावी.